‘झालंय’ नको, ‘केलंस’ म्हणा : जोडीदाराला रोजची नेमकी दाद कशी द्यावी

लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावरची गोष्ट. रविवारी जेवताना मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, “भरीत मस्त झालंय.” बायको आमटी वाढत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आपोआप झालं का?”

ती चिडली नव्हती, मला मात्र ते लागलं. आदल्या संध्याकाळी मी तिच्याबरोबरच बाजारात होतो. तिने तीन गाड्यांवरची वांगी हातात तोलून बघितली होती, कारण जड वांगं म्हणजे आत बिया. रविवारी सकाळी तिने भरताचे दोन भाग केले होते, एक माझ्यासाठी दाण्याच्या कुटाचा आणि दुसरा आईसाठी बिनकुटाचा, कारण आईच्या कवळीत कूट अडकतो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि दाद दिली मी वांग्याला.

नंतर मी आमच्या घरातली वाक्यं ऐकायला लागलो. दूध तापलंय, डबा तयार आहे, कपडे वाळले, सिलिंडर आला, पाणी भरून झालं. या सगळ्यांत करणारं माणूसच नाही, जणू घर स्वतःच चाललंय. मराठीत हे फार सहज होतं. ‘झालं’ हे क्रियापद एवढं सोयीचं आहे की कोणी केलं ते सांगायची वेळच येत नाही. पण याच भाषेत त्यावरचा उपायही आहे. ‘तू’ घातला की क्रियापदाच्या शेवटी ‘स’ येतो : केलंस, भरलास, ठेवलीस, आणल्यास. ‘अहो-तुम्ही’ची सवय असलेल्या घरात तिथे ‘त’ येतो : केलंत, भरलात, ठेवलीत, आणल्यात. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका अक्षराभोवती फिरतं.

‘थँक्यू’ का पुरत नाही

घरात ‘धन्यवाद’ म्हटलं तर सभा संपल्यासारखं वाटतं. ‘आभारी आहे’ म्हटलं तर अर्जाखाली सही केल्यासारखं. ‘थँक्यू’ तोंडात बसलंय खरं, पण ते रिक्षावाल्यालाही म्हणतो आणि बायकोलाही, त्याच सुरात. शिवाय “आपल्या माणसाचे कसले आभार?” हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं.

यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. 2018 मध्ये आठ भाषांतल्या घरगुती, रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला (मराठी त्यात नव्हती). एकाने काही मागितलं आणि दुसऱ्याने ते दिलं, अशा प्रसंगी आभाराचे शब्द साधारण वीसातून एकदाच आले. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत तर आभारासाठी ठरलेला शब्दच नाही. मीठ पुढे सरकवल्यावर माणसं गप्पच राहतात, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक वाटीला थँक्यू म्हणणारं घर मला तरी नको.

म्हणून आभार हा शब्द बाजूला ठेवा आणि ‘दाद’ हा शब्द घ्या. गाण्याच्या मैफलीत जाणारे हे लगेच ओळखतील. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या सगळेच वाजवतात. गाणाऱ्याला बरं वाटतं ते त्याने घेतलेल्या एखाद्या बारीक जागेला पुढच्या रांगेतून ‘क्या बात है’ आली की. कारण त्याला कळतं, हा ऐकतोय. आणि भलत्याच जागी ‘वाहवा’ करणारा, म्हणजे न ऐकता डोलणारा, तोही त्याला लगेच कळतो. घरातही अगदी तसंच होतं.

पहिले तीन दिवस : बोलायचं नाही, फक्त बघायचं

हा भाग टाळून थेट बोलायला सुरुवात केली की दुसऱ्याच दिवशी शब्द संपतात. माझे संपले होते. “आज पोळ्या मऊ आहेत” याच्या पुढे मला काही सुचेना.

बघायचं काय, तर जी गोष्ट घडली नाही ती. दूध उतू गेलं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या नाहीत. मुलाचा शाळेचा फॉर्म शेवटच्या दिवसावर आला नाही. पावसात कपडे भिजले नाहीत. अशी एक गोष्ट धरायची आणि मागे जायचं : ही घडू नये म्हणून कोणी, कधी, काय केलं?

आमचा सिलिंडर घ्या. मी ‘सिलिंडर आला’ म्हणतो. पण भरलेला शेवटचा सिलिंडर लागला त्या दिवशी बायकोने कॅलेंडरवर तारीख लिहिली होती. बरोबर किती दिवसांनी बुक करायचा हे तिच्या डोक्यात होतं. ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी घरी कोण आहे हे तिने बघितलं, सुटे पैसे फ्रिजवरच्या डब्यात ठेवले, मोबाइलवर आलेला कोड आईला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, आणि दुपारी ऑफिसातून फोन करून वॉशर तपासून घेतला का हे विचारलं. सिलिंडर उचलून आत ठेवायचं दिसणारं काम तेवढं माझं.

ॲलिसन डामिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या 35 जोडप्यांशी बोलून 2019 मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले : काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि नंतर ते नीट झालं का याकडे लक्ष ठेवणं. ठरवण्यात दोघंही असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बायकांकडे असतो असं त्यांना दिसलं. आपल्या कामाचा मुद्दा असा की पहिला आणि शेवटचा टप्पा कोणाला दिसत नाही, म्हणून त्याला दादही मिळत नाही. तुमचं वाक्य तिथे पोहोचलं की समोरचा माणूस खरोखर चमकतो.

तीन दिवस रोज रात्री एक ओळ कुठेतरी लिहा. मी किराण्याच्या यादीच्या मागे लिहीत होतो. नऊ-दहा गोष्टी जमल्या की बोलायला साहित्य झालं. एकही सापडत नसेल तर जोडीदार काही करत नाही असं समजू नका. एक दिवस त्याचं किंवा तिचं एक काम पूर्ण स्वतः करून बघा, सापडेल.

वाक्य कसं बांधायचं

वाक्यात तीन गोष्टी हव्यात. काय केलंस, मला ते कुठे दिसलं, आणि त्यातून तुझं काय कळलं. तिसरी थोडी अवघड आहे, पण तिच्याविना वाक्य पावतीसारखं होतं.

एक वाक्य घडताना दाखवतो. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं, तासभरच. त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. मी पावणेसहाला घरी येऊन झोपलो, आणि साडेदहाला उठलो तर पिंप, टाकी, बादल्या सगळं भरलेलं. पहिल्यांदा मनात आलं ते असं :

“पाणी भरून झालं ना? बरं झालं.”

यात माणूसच नाही. मग :

“पाणी भरलंस, थँक्यू.”

‘स’ आला. पण हे कुठल्याही दिवशी, कोणालाही म्हणता येतं. मग :

“आज माझी झोप छान झाली, फार बरं वाटलं.”

हे खरं आहे, मनापासून आहे, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण वाक्य माझ्याबद्दलचं आहे, माझी झोप आणि माझं बरं वाटणं. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये नेमका हाच फरक तपासला. जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून त्यांचं बोलणं टिपलं, आणि समोरच्याचं कौतुक किती नि स्वतःला झालेला फायदा किती हे वेगळं काढलं. समोरच्याच्या करण्याचं कौतुक जितकं जास्त, तितकं ऐकणाऱ्याला ‘याने मला ओळखलं’ असं वाटलं. फायद्याच्या वाक्यांनी ते साधलं नाही. म्हणून फायदा आधी उरकून घ्यायचा आणि शेवट तिच्यावर करायचा :

“साडेदहापर्यंत मला जागच आली नाही. मग बघितलं तर तू नळाला फडकं बांधून बादल्या भरल्यास, धार वाजू नये म्हणून. हे तुलाच सुचतं.”

फडकं अजून नळालाच होतं, ओलं. मला ते दिसलं, म्हणूनच हे वाक्य झालं. पूर्ण प्रकार दोन-तीन छोट्या वाक्यांत संपला, आणि तो तेवढ्यातच संपवायचा. पाचव्या वाक्याला भाषण सुरू होतं.

‘तुलाच सुचतं’ या जागी काय घालायचं हे ज्याच्या-त्याच्या स्वभावावर आहे. “तू विसरत नाहीस”, “तुझा हात हलका आहे”, “तू माझ्या आईशी किती शांतपणे बोललास”. मोठी विशेषणं मात्र टाळा. ‘तू खूप ग्रेट आहेस’ हे ऐकून कोणाला काही कळत नाही. नेमकेपणा आला की विशेषण लागतच नाही. “आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंस तेव्हा जुना नंबर लिहिलेला कागद बरोबर घेतलास” एवढं म्हटलं की पुरे.

कधी म्हणायचं, कधी नाही

दिवसातून एकदा, एवढंच. वेळ अशी हवी की दोघांचे हात मोकळे आहेत किंवा दोघं एकाच कामात आहेत. आमच्याकडे ती वेळ जेवणानंतर ओटा आवरतानाची निघाली. ती पुसते, मी भांडी विसळून देतो, आणि तोंडाकडे बघावं लागत नसल्यामुळे बोलायला सोपं जातं. कोणाकडे ती वेळ स्कूटरवर मागे बसल्यावरची असेल, कोणाकडे दिवा मालवल्यावरची.

तीन वेळा चुकीच्या. एक, काही मागण्याआधी. “तू घर किती छान सांभाळतेस गं” आणि पाठोपाठ “शनिवारी चार मित्र येतायत जेवायला” असं एकदा जरी झालं, तरी पुढचे पंधरा दिवस तुमच्या प्रत्येक वाक्यानंतर समोरून वाट बघितली जाते, आता काय मागणार म्हणून. दोन, भांडणाच्या मध्ये. तिथे दाद म्हणजे तोंड बंद करण्याची युक्ती वाटते, आणि बहुधा असतेही. तीन, मोबाइलवर अंगठा फिरवत असताना. न बघता ‘बघितलं’ म्हणण्यात काय अर्थ?

आणि ‘पण’ नको. “डबा छान भरलास, पण चमचा राहिला.” चमच्याचं उद्या सांगा, किंवा उद्या स्वतः घ्या.

पहिला आठवडा खरा कसा गेला

सोमवारी मी नळाच्या फडक्याचं वाक्य म्हणालो. बायको थबकली आणि म्हणाली, “काय पाहिजे?” हे जवळजवळ ठरलेलं आहे, त्याची तयारी ठेवा. यावर ‘अगं काही नाही, मी ठरवलंय की रोज तुझं कौतुक करायचं’ असं स्पष्टीकरण दिलंत तर सगळं संपलं. ठरवून केलेलं कौतुक म्हणजे गृहपाठ. मी “काही नाही, दिसलं म्हणून म्हटलं” एवढं बोलून पुढचं भांडं घेतलं.

मंगळवारी मी सिलिंडरच्या कोडबद्दल बोललो : “आईला कोड मोठ्या अक्षरात लिहून दिलास ना, तिला चष्मा शोधावा लागला नाही.” ती नुसती ‘हं’ म्हणाली.

बुधवारी फसलो. उशीर झाला होता, बघितलं काहीच नव्हतं, तरी मोडायला नको म्हणून म्हणालो, “आजची भाजी मस्त केलीस हं.” भाजी आईने केली होती. आई आतून हसली, बायको हसली नाही. तेव्हापासून नियम केला : दिसलं नसेल तर गप्प बसायचं. रिकामा दिवस चालतो, खोटी दाद चालत नाही.

गुरुवारी मी काही बोललो नाही. शुक्रवारी तिला ऑफिसातून यायला साडेआठ झाले होते, आणि आल्या आल्या मुलाच्या वहीचं कव्हर घालत बसली होती. मी म्हणालो, “पट्टीने कड मोडून घेतेस म्हणून ते फाटत नाही. मी घातलेलं महिन्यात सुटलं होतं.” ती म्हणाली, “बाबांनी शिकवलंय. ते आमची सगळ्या भावंडांची पुस्तकं मे महिन्यातच घालून ठेवायचे.” मग दहा मिनिटं ती तिच्या बाबांबद्दल सांगत राहिली. पंधरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

जमतंय का हे ओळखायची खूण हीच. उलट आभाराची वाट बघू नका, ते येतीलच असं नाही. समोरचं माणूस आपणहून बारीकसारीक सांगायला लागतं : आज बँकेत काय झालं, मी ते तसं का केलं. आपलं कोणी बघतंय हे कळलं की माणूस दाखवायला लागतो. बिनसतंय हेही दिसतं. तो किंवा ती प्रत्येक काम जाहीर करायला लागली (“बघ, मी गॅस पुसला”), तर तुमची दाद मार्क दिल्यासारखी होतेय. काही दिवस थांबा, आणि कामाऐवजी माणसाच्या लक्षात घेण्याबद्दल बोला.

दाद कुठे घात करते

यावर मला जास्त बोलायचंय, कारण पुरुषांनी लिहिलेल्या अशा लेखांत हे सोयीने गळतं.

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात देशात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88 मिनिटं. आता दोनशे मिनिटांच्या या फरकावर रात्री एक गोड वाक्य ठेवलं तर ते काय होतं? बक्षीस. “तुझ्यासारख्या पोळ्या कोणालाच जमत नाहीत” हे वाक्य ऐकणारी बाई पुढची वीस वर्षं तव्यासमोर उभी राहते. दाद कौशल्याला दिली की काम त्या माणसाच्या गळ्यात पक्कं होतं.

म्हणून मी स्वतःपुरता एक हिशेब ठेवलाय. एकाच कामाला तिसऱ्यांदा दाद द्यायची वेळ आली, तर तोंडाने द्यायची नाही, ते काम उचलायचं. कॅलेंडरवर सिलिंडरची तारीख लिहिण्यापासून वॉशर तपासण्यापर्यंत आता सगळं माझ्याकडे आहे. पहिल्या खेपेला मी बुक करायला विसरलो आणि दोन दिवस इंडक्शनवर काढले. बायको काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं.

‘मदत’ हा शब्दही जपून वापरा, दोन्ही बाजूंनी. नवऱ्याने भांडी घासली तर “आज मला मदत केलीस” यात भांडी तिची ठरतात. “आज भांडी घासलीस, कुकरची शिटीसुद्धा काढून धुतलीस” यात भांडी घराची राहतात, आणि त्यानेही काहीतरी नीट बघून केलं हे त्याला कळतं. नवऱ्यांना दाद नको असते असं समजू नका. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणारा, सासऱ्यांची पेन्शनची कागदपत्रं रांगेत उभा राहून देणारा माणूसही ‘झालं का?’ एवढंच ऐकत आलेला असतो.

तुलना मात्र कधीच नको. “अगदी आईसारखी आमटी केलीस” यात दाद आईला गेली.

आणि जिथे धाक आहे, अपमान आहे, हात उगारला जातो, तिथे हा लेख लागू नाही. तिथे गोड बोलणं म्हणजे जीव सांभाळणं असतं. तिथे 181 या महिला हेल्पलाइनचा नंबर जवळ असू द्यावा.

दोघं एका घरात नसतील तर

एक पुण्यात आणि एक दुबईत, किंवा दोघांच्या पाळ्या उलट्या, तर लिहून पाठवा. मात्र ‘मिस यू’ आणि हृदयाच्या चित्राऐवजी एक बघितलेली गोष्ट लिहा : “काल व्हिडिओवर आईंचं बोलणं मध्येच तोडलं नाहीस, तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगत होत्या तरी.” व्हॉइस मेसेज असेल तर वीस सेकंदांत संपवा. डब्यात चिठ्ठी ठेवणाऱ्यांनी एवढं बघावं की डबा ऑफिसात चारचौघांत उघडतो.

आमच्याकडे आता रोजचं असं काही ठरलेलं राहिलेलं नाही. आठवड्यात चार-पाच वेळा होतं. मागच्या रविवारी पुन्हा भरीत होतं. मी म्हणालो, “आज वांगं नेहमीपेक्षा जास्त वेळ भाजलंस ना? धुराचा वास उतरलाय.” ती म्हणाली, “मी नाही, आईंनी भाजलं.” मग आईकडे वळून म्हणाली, “आई, ऐकलंत का?” आई कवळीतून हसली, आणि म्हणाली, “वांगी तू आणलीस पण.”